उलटसुलट समीकरणाची चार मुळे

हे समीकरण पाहा.

2x⁴ − 7x³ + 9x² − 7x + 2 = 0

दहावीपर्यंत बीजगणित शिकलेल्या माणसाला वर्गसमीकरणाचे सूत्र पाठ असते. पण इथे x चा चौथा घात आहे आणि ते सूत्र थेट लागू पडत नाही. चतुर्घाती समीकरण सोडवण्याची सर्वसाधारण रीत आहे. ती फेरारीने शोधली आणि त्याचा गुरू कार्डानो याने १५४५ साली ‘आर्स माग्ना’ या ग्रंथात छापली. मात्र त्या रीतीत आधी एक त्रिघाती समीकरण सोडवावे लागते आणि तेच पुष्कळदा मूळ समीकरणापेक्षा जास्त घाम काढते. वरच्या समीकरणासाठी तेवढ्या खटाटोपाची गरज नाही, आणि याचे कारण समीकरणावरच लिहिलेले आहे. सहगुणक डावीकडून वाचले तर 2, −7, 9, −7, 2. उजवीकडून वाचले तरी तेच. ‘चिमा काय कामाची’ हे वाक्य जसे दोन्ही बाजूंनी सारखे वाचता येते, तशी ही बहुपदी आहे.

हे साम्य नुसते दिसण्यापुरते नसते, त्याचा थेट परिणाम मुळांवर होतो. समजा r हे या समीकरणाचे एक मूळ आहे. म्हणजे x च्या जागी r ठेवला की डावी बाजू शून्य होते. r स्वतः शून्य असू शकत नाही, कारण x = 0 ठेवला तर डावीकडे 2 उरतात. तेव्हा r⁴ ने निर्धास्तपणे भागता येते, आणि मिळते

2 − 7/r + 9/r² − 7/r³ + 2/r⁴ = 0

हे शेवटाकडून सुरुवातीकडे वाचा. मूळ समीकरणात x च्या जागी 1/r ठेवले असते तर हेच मिळाले असते. म्हणजे r मूळ असेल तर त्याचा गुणाकार व्यस्त 1/r हेही मूळ असणारच. या समीकरणाची मुळे जोडीने येतात.

आता जोडीचा विचार करू. वर्गसमीकरणाच्या दोन मुळांबद्दल शाळेत दोन गोष्टी शिकवतात, त्यांची बेरीज आणि त्यांचा गुणाकार. या दोन संख्या कळल्या की ती दोन मुळे पक्की ठरतात. इथल्या प्रत्येक जोडीचा गुणाकार आधीच माहीत आहे, कारण r गुणिले 1/r म्हणजे 1. तेव्हा एका जोडीला दुसरीपासून वेगळे करणारी एकच गोष्ट उरते आणि ती म्हणजे जोडीची बेरीज. चार मुळे, दोन जोड्या, म्हणून शोधायच्या बेरजाही दोनच. जे दोनच आहे ते वर्गसमीकरणातून मिळायला हवे. y = x + 1/x असे मानण्यामागचा सगळा विचार एवढाच आहे. पुष्कळ पुस्तकांत हे आदेशन आकाशातून पडल्यासारखे येते आणि विद्यार्थी ते युक्ती म्हणून पाठ करतात. माझ्या मते ते तसे शिकवूच नये. y ही जोडीची ओळख आहे, आणि हे एकदा मनात बसले की पुढच्या बहुतेक चुका आपोआप टळतात.

प्रत्यक्ष करून पाहू. समीकरणाला x² ने, म्हणजे मधल्या पदातल्या घाताने भागू आणि टोकांकडून एकेक जोडी बांधू.

2(x² + 1/x²) − 7(x + 1/x) + 9 = 0

दुसरा कंस म्हणजे y. पहिल्या कंसासाठी y चा वर्ग करावा लागतो. (x + 1/x)² चा विस्तार x² + 2 + 1/x² असा येतो. मधले 2 हे x गुणिले 1/x ची दुप्पट आहे. म्हणून x² + 1/x² = y² − 2. हे ठेवल्यावर

2(y² − 2) − 7y + 9 = 0, म्हणजे 2y² − 7y + 5 = 0.

याचे अवयव (2y − 5)(y − 1) असे पडतात, म्हणून y = 5/2 किंवा y = 1.

इथे थोडे थांबायला हवे, कारण चूक होण्याची सर्वांत मोठी जागा मागे पडली आहे. ते वजा 2 लिहायचे राहिले तर समीकरण 2y² − 7y + 9 = 0 असे होते, आणि पुढची सगळी आकडेमोड कितीही काळजीपूर्वक केली तरी उत्तर चुकीचेच येते. ही चूक मुळांची बेरीज तपासून पकडता येत नाही. मूळ समीकरणातल्या चारही मुळांची बेरीज 7/2 यायला हवी, आणि चुकलेल्या वर्गसमीकरणातही y च्या दोन किमतींची बेरीज 7/2 च येते, कारण ती फक्त पहिल्या दोन सहगुणकांवर ठरते. खरी तपासणी वेगळी आहे आणि तिला अर्धा मिनिटही लागत नाही. मूळ समीकरणाच्या डाव्या बाजूत x = 1 ठेवा. 2 − 7 + 9 − 7 + 2 म्हणजे −1. x = 1 असताना y = 2 असतो, आणि x² ने भागणे म्हणजे 1 ने भागणे, त्यामुळे काही बदलत नाही. तेव्हा y च्या समीकरणाच्या डाव्या बाजूत y = 2 ठेवल्यावरही −1 च यायला हवे. बरोबर समीकरणात 8 − 14 + 5 = −1 येते. चुकलेल्यात 8 − 14 + 9 = 3 येते. चूक तिथल्या तिथे उघडी पडते.

आता परतीचा प्रवास. y = 5/2 आणि y = 1 ही आपली उत्तरे नव्हेत, या दोन जोड्यांच्या बेरजा आहेत. प्रत्येक जोडी उघडायची तर बेरीज y आणि गुणाकार 1 असलेले वर्गसमीकरण मांडायचे.

x² − yx + 1 = 0

y = 5/2 ठेवून दोनने गुणले की 2x² − 5x + 2 = 0, म्हणजे (2x − 1)(x − 2) = 0. म्हणून x = 2 आणि x = 1/2. अपेक्षेप्रमाणे ही दोन मुळे एकमेकांची व्यस्त आहेत.

y = 1 ठेवल्यावर x² − x + 1 = 0. याचा विवेचक 1 − 4 = −3 आहे, ऋण. ‘वास्तव मुळे नाहीत’ असे लिहून पुष्कळ जण इथे उत्तर संपवतात आणि चारांपैकी दोन मुळे गमावतात. −1 चे वर्गमूळ i मानणारी संमिश्र संख्यांची भाषा वापरली की उरलेली जोडीही मिळते.

x = (1 + √3 i)/2 आणि x = (1 − √3 i)/2

हीही एकमेकांची व्यस्त आहेत. दोघांचा गुणाकार (1 + 3)/4 म्हणजे 1. शेवटची तपासणी म्हणून दोन वर्गबहुपदी गुणून पाहाव्यात. (2x² − 5x + 2)(x² − x + 1) उलगडले की पुन्हा 2, −7, 9, −7, 2 हेच सहगुणक येतात. चार मुळे मिळाली आणि एकही सुटले नाही.

एक जोडी वास्तव निघाली आणि दुसरी संमिश्र, असे का? याचे उत्तर x² − yx + 1 = 0 च्या विवेचकात आहे. तो y² − 4 आहे. म्हणजे सगळा निवाडा y ची किंमत 2 च्या कोणत्या बाजूला आहे यावर होतो. y जर 2 पेक्षा मोठा किंवा −2 पेक्षा लहान असेल तर दोन वेगळी वास्तव मुळे मिळतात. y या दोघांच्या मध्ये असेल तर मुळे संमिश्र येतात. हे दुसऱ्या बाजूनेही पटते. कोणतीही धन संख्या घ्या आणि तिच्यात तिचा व्यस्त मिळवा, बेरीज 2 पेक्षा कमी कधीच येत नाही. (x − 1)² कधी ऋण नसतो, तो उलगडून x ने भागला की x + 1/x ≥ 2 हेच हाती येते. तेव्हा बेरीज 1 देणारी जोडी वास्तव संख्यांमध्ये सापडणे शक्यच नव्हते. अशी जोडी संमिश्र प्रतलावर, म्हणजे संमिश्र संख्या बिंदूंनी दाखवण्याच्या पटावर, नेहमी केंद्रापासून बरोबर 1 अंतरावर असते. एक बिंदू आडव्या अक्षाच्या वर आणि दुसरा तितकाच खाली. हा नियम y वास्तव असताना चालतो. y च संमिश्र निघाला तर मुळे त्या वर्तुळावर असतीलच असे नाही.

y बरोबर 2 आला तर काय? महाराष्ट्रात दहावीच्या जुन्या बीजगणितात वर्गसमीकरणात रूपांतर करता येणाऱ्या समीकरणांचा भाग असे आणि त्यात कंस आधीच बांधून दिलेली अशी उदाहरणे येत. 2(x² + 1/x²) − 9(x + 1/x) + 14 = 0 हे त्याच घाटाचे. यातून 2y² − 9y + 10 = 0 मिळते, आणि y = 5/2 किंवा y = 2. पहिल्या किमतीतून पुन्हा 2 आणि 1/2. दुसरीतून x² − 2x + 1 = 0, म्हणजे (x − 1)² = 0. मूळ एकच, x = 1, पण ते दोनदा मोजायचे. 1 चा व्यस्त 1 च असतो, त्यामुळे ही जोडी स्वतःशीच जुळली आहे. उत्तरात 1, 2, 1/2 एवढेच लिहिले तर संख्या म्हणून काही सुटत नाही, पण मुळांची बेरीज 7/2 भरते आणि ती हवी 9/2. दुहेरी मूळ विसरले की असा हिशेब चुकतो.

घात विषम असेल तर मधले पद नसते, त्यामुळे x च्या मधल्या घाताने भागायची सोय राहत नाही. 2x⁵ − 5x⁴ + 2x³ + 2x² − 5x + 2 = 0 घ्या. इथे x = −1 ठेवला की समान सहगुणकांची पदे विरुद्ध चिन्हांनी येऊन एकमेकांना खोडतात. म्हणून विषम घाताच्या प्रत्येक उलटसुलट समीकरणाचे −1 हे एक मूळ असतेच. x + 1 ने भागले की समघाती उलटसुलट बहुपदी उरते, आणि या उदाहरणात तर ती आपली सुरुवातीचीच बहुपदी आहे. सहगुणक आकड्यांनी सारखे पण चिन्हांनी उलट असतील तर त्याच न्यायाने 1 हे मूळ असते आणि x − 1 ने भागून पुढे जाता येते. एखादे पद दिसत नसेल तर त्याच्या जागी शून्य लिहूनच सहगुणक वाचावेत, नाहीतर साम्य नसलेल्या ठिकाणी साम्य दिसते.

अठराव्या शतकात, १७३० च्या आसपास, द म्वाव्र आणि ऑयलर या समीकरणांकडे वळले. या रीतीचा मला सर्वांत सुंदर वाटणारा उपयोग मात्र भूमितीतला आहे. संमिश्र प्रतलावर 1 त्रिज्येचे वर्तुळ काढून त्यावर 1 या बिंदूपासून सुरुवात करून पाच समान अंतरावरचे बिंदू घेतले, तर ते बिंदू म्हणजे x⁵ = 1 ची पाच मुळे. पैकी x = 1 आपल्याला ठाऊक आहे. x⁵ − 1 ला x − 1 ने भागले की उरते

x⁴ + x³ + x² + x + 1 = 0

सगळे सहगुणक 1, म्हणजे उलटसुलट असण्याबद्दल शंकाच नको. x² ने भागून (y² − 2) + y + 1 = 0, म्हणजे y² + y − 1 = 0. सूत्राने y = (−1 + √5)/2 आणि y = (−1 − √5)/2, अंदाजे 0.618 आणि −1.618. दोन्ही किमती −2 आणि 2 च्या मध्ये आहेत. तेव्हा चारही मुळे वर्तुळावर पडणार हे x काढण्याआधीच कळले.

इथे y ला भूमितीतला अर्थ मिळतो. वर्तुळावरच्या जोडीत एक बिंदू अक्षाच्या वर, दुसरा तितकाच खाली, म्हणून बेरीज करताना उभे भाग खोडले जातात आणि आडवा भाग दुप्पट होतो. y म्हणजे त्या आडव्या अंतराची दुप्पट, दुसऱ्या शब्दांत २ कोसाइन ७२ अंश. तेव्हा कोसाइन ७२ अंशाची नेमकी किंमत (√5 − 1)/4 आहे, आणि ती कोष्टकात न पाहता मिळाली. y मध्ये फक्त एक वर्गमूळ आहे. वर्गमूळ कंपास आणि पट्टीने काढता येते, म्हणून पंचकोनही काढता येतो.

वहीत काढून पाहा. १० सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ घ्या आणि केंद्रातून आडवा व उभा असे दोन व्यास काढा. केंद्रापासून डावीकडे ५ सेंटिमीटरवर, म्हणजे डाव्या त्रिज्येच्या मध्यावर, M हा बिंदू घ्या. उभ्या व्यासाच्या वरच्या टोकाला B म्हणू. पायथागोरसच्या प्रमेयाने MB ची लांबी √125, अंदाजे ११.१८ सेंटिमीटर. आता कंपासचे टोक M वर ठेवून MB एवढ्या अंतराने आडव्या रेषेला छेद द्या. उजवीकडचा छेद केंद्रापासून ६.१८ सेंटिमीटरवर पडतो. त्याच कंपासने, आडवी रेषा लांबवून, डावीकडचा छेद १६.१८ सेंटिमीटरवर पडतो. वर्गसमीकरणाची दोन्ही मुळे, चिन्हांसह, एकाच कंसाने कागदावर उतरली आहेत. M चे −५ हे सूत्रातले −1/2 आहे, आणि MB हे √5/2.

y चे x करणे म्हणजे इथे या अंतरांची निम्मी करणे. केंद्रापासून उजवीकडे ३.०९ आणि डावीकडे ८.०९ सेंटिमीटरवर उभ्या रेषा काढा. प्रत्येक रेषा वर्तुळाला वर एक आणि खाली एक अशा दोन बिंदूंत छेदते. हे चार बिंदू आणि उजवीकडचे टोक मिळून सुसम पंचकोन होतो. प्रत्येक बाजू ११.७६ सेंटिमीटरच्या जवळपास भरली पाहिजे. एक बाजू बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे वेगळी आली तर बहुधा M चा मध्य नीट साधलेला नाही. युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास पंचकोनाची रचना वेगळ्या मार्गाने, त्रिकोणाच्या आधाराने दिली होती. त्या रचनेत जे वर्गमूळ दडलेले आहे ते इथे समीकरणातून उघड दिसते.

पाचाऐवजी सात बिंदू घेतले की रीतीची मर्यादाही कळते. x⁷ − 1 ला x − 1 ने भागून सहाव्या घाताचे समीकरण उरते, x³ ने भागून तीन जोड्या बांधता येतात. नवीन लागते ती फक्त x³ + 1/x³ ची किंमत, आणि ती y³ − 3y आहे. बेरीज मांडली की

y³ + y² − 2y − 1 = 0

घात सहावरून तीनवर आला, पण तीनच्या खाली उतरत नाही. या समीकरणाला परिमेय मूळ असते तर ते 1 किंवा −1 असते. 1 ठेवल्यावर −1 येते आणि −1 ठेवल्यावर 1. म्हणजे परिमेय मूळ नाही, अवयव पडत नाहीत, आणि म्हणूनच नुसत्या कंपास व खुणा नसलेल्या पट्टीने सुसम सप्तकोन काढता येत नाही. y च्या किमती अंदाजे 1.247, −0.445 आणि −1.802 आहेत. तिन्ही वास्तव आहेत, तरी कार्डानोचे सूत्र वापरले तर वाटेत ऋण संख्यांची वर्गमुळे घ्यावीच लागतात. व्यवहारात मात्र या दशांश किमतींच्या आधारे मोजपट्टीने सप्तकोन सहज निघतो. १० सेंटिमीटरच्या वर्तुळात पहिली उभी रेषा ६.२३ सेंटिमीटरवर येते.

अकरा बिंदूंसाठी y चे समीकरण पाचव्या घाताचे येते.

y⁵ + y⁴ − 4y³ − 3y² + 3y + 1 = 0

पाचव्या घाताला सर्वसाधारण सूत्रच नाही, हे पुढे एकोणिसाव्या शतकात सिद्ध झाले. तरीही हे विशिष्ट समीकरण घातमुळांच्या मदतीने सुटते असे फ्रेंच गणिती वांदरमाँद याने १७७० च्या दशकातच दाखवले होते. जोड्या बांधणे म्हणजे मुळांमधले एक साम्य वापरणे. अकरा बिंदूंमध्ये त्याखेरीज आणखीही साम्य शिल्लक असते आणि वांदरमाँदने ते वापरले.

सतरा बिंदूंमध्ये असे साम्य किती असते हे गाउसने ओळखले. ३० मार्च १७९६ रोजी तो अजून एकोणीस वर्षांचाही झाला नव्हता. सोळाव्या घाताचे समीकरण जोड्यांनी आठव्यावर येते, आणि गाउसने मुळांचे असे गट पाडले की आठव्या घाताचे काम एकामागून एक येणाऱ्या वर्गसमीकरणांवर भागते. त्यामुळे सतरा बाजूंचा सुसम बहुकोन कंपास आणि पट्टीने काढता येतो. त्या साखळीतून y ची एक किमत 1.865 च्या जवळ मिळते. ती 2 पेक्षा कमी आहे, म्हणून x² − yx + 1 = 0 ची जोडी वर्तुळावर पडते. १० सेंटिमीटरच्या वर्तुळात केंद्रापासून उजवीकडे ९.३२ सेंटिमीटरवर उभी रेषा काढली की अक्षाच्या वर ३.६१ आणि खाली ३.६१ सेंटिमीटरवर बहुकोनाचे दोन शिरोबिंदू मिळतात.